x + १/x चा तळ

प्रस्तावना

एखादी धन संख्या घ्यावी, तिच्यात तिचाच व्यस्त मिळवावा आणि बेरीज किती येते ते पाहावे. ३ घेतले तर ३ अधिक एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ३.३३. २ घेतले तर २.५. अर्धा घेतला तरी २.५च, कारण अर्ध्याचा व्यस्त २. १ घेतला की बरोबर २. ०.९ घेतले तर २.०११ च्या आसपास. संख्या फार लहान असेल तर तिचा व्यस्त फुगतो आणि फार मोठी असेल तर ती स्वतःच मोठी असते. त्यामुळे दोन्ही टोकांना बेरीज हवी तेवढी वाढत जाते आणि मध्ये कुठेतरी ती सर्वांत कमी होते. ही सर्वांत कमी बेरीज २ आहे आणि ती फक्त x = १ असतानाच मिळते, हे या पुस्तिकेचे मुख्य विधान.

हे विधान सिद्ध करायला बीजगणिताला दोन ओळी लागतात आणि अवकलजाला, म्हणजे कॉलेजात ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतात त्याला, तीन-चार. बारावीच्या विद्यार्थ्याला दोन्ही रीती माहीत असतात. पण त्या बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवल्या जातात, आणि उत्तर तेच आले की दोन्ही रीतींनी एकच काम केले असे समजून आपण पुढे जातो. मला हे पटत नाही. एक रीत तळ कुठे आहे ते शोधून देते, दुसरी त्याच्या खाली काहीच नाही याची हमी देते. या दोन कामांतला फरक ओळखता आला की कमाल-किमानाच्या गणितांत नेहमी होणाऱ्या चुका आपोआप दिसू लागतात. त्यासाठी x + १/x इतके सोयीचे दुसरे उदाहरण मला सापडलेले नाही.

बीजगणिताची रीत आधी पाहू. कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून

(x − १)² ≥ ०

हे निर्विवाद. कंस सोडवला की x² + १ ≥ २x मिळते. x धन आहे, म्हणून दोन्ही बाजूंना x ने भागले तरी चिन्ह उलटत नाही, आणि x + १/x ≥ २ हाती येते. बरोबरीचे चिन्ह लागू होण्यासाठी वर्ग शून्य व्हायला हवा, म्हणजे x = १. काम संपले. ही रीत किती थोडक्यावर उभी आहे ते पाहा: सीमा नाही, आलेख नाही, फलन सलग आहे की नाही याची चौकशी नाही. एका फटक्यात सगळ्या धन संख्यांबद्दल विधान झाले.

तेच अधिक काटेकोरपणे असे लिहिता येते:

x + १/x − २ = (x − १)²/x

ही असमानता नाही, समानता आहे. बेरीज २ पेक्षा कमी नाही एवढेच ती सांगत नाही, नेमकी किती जास्त आहे तेही सांगते. x = १.१ घेतले तर जादा भाग ०.०१ भागिले १.१, म्हणजे सुमारे ०.००९. x दहा टक्क्यांनी जास्त घेतला तरी बेरीज अर्धा टक्कासुद्धा वाढत नाही. ही गोष्ट पुढे फार कामाला येणार आहे.

पण या रीतीबद्दल एक प्रश्न राहतोच. (x − १)² पासून सुरुवात करावी हे सुचले कसे? (x − २)² किंवा (x − ३)² का नाही? ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे त्यालाच ही पहिली ओळ लिहिता येते. वर्गात फळ्यावर ही सिद्धता पाहणाऱ्या मुलाला ती जादूसारखी वाटते, आणि घरी तसेच दुसरे गणित सोडवायला बसले की पहिलीच ओळ सुचत नाही. दोष मुलाचा नाही. सिद्धता उत्तर तपासते, उत्तर शोधत नाही.

अवकलजाची रीत नेमकी इथे मदतीला येते. f(x) = x + १/x मानले तर

f′(x) = १ − १/x²

तळाशी स्पर्शिका आडवी असते, म्हणून f′(x) = ० ठेवायचे. x² = १ मिळते, त्यातले −१ आपल्या प्रांतात नाही, उरले १. इथे काहीही आधी ओळखावे लागले नाही. फलन दिले, नियम लावला, समीकरण सोडवले.

यापुढची पायरी मात्र घाईची असते. बहुतेक उत्तरपत्रिकांत f″(x) = २/x³, म्हणून f″(१) = २, ही संख्या धन आहे, म्हणून किमान किंमत f(१) = २, असे लिहून खाली दुहेरी रेघ मारलेली दिसते. उत्तर बरोबर आहे, पण युक्तिवाद अर्धा आहे. एका बिंदूवर दुसरा अवकलज धन असणे म्हणजे त्या बिंदूच्या आसपास आलेख वाटीसारखा आहे, एवढेच. ०.००१ पाशी किंवा ५००० पाशी काय चालले आहे याबद्दल ती ओळ काहीच बोलत नाही.

हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. x वर धन असण्याची अट काढून टाकली की तो डोळ्यांसमोर येतो. ऋण बाजूला x = −१ पाशीही अवकलज शून्य होतो, तिथे f″(−१) = −२ म्हणून तो बिंदू स्थानिक कमाल ठरतो आणि तिथली किंमत −२ असते. म्हणजे एकाच फलनाची स्थानिक कमाल किंमत −२ आणि स्थानिक किमान किंमत २. कमाल किमानापेक्षा खाली! आलेखाचे दोन तुकडे x = ० पाशी तुटलेले आहेत, म्हणून हे शक्य होते. पण ‘स्थानिक’ हा शब्द नजरेआड केला तर गणित काहीतरी भलतेच सांगते आहे असे वाटेल.

अवकलजाची रीत पूर्ण करायची तर एका बिंदूवर न थांबता अवकलजाचे चिन्ह सगळीकडे पाहावे लागते. x हा ० आणि १ च्या मध्ये असेल तर १/x² एकापेक्षा मोठा, म्हणून f′ ऋण, म्हणून फलन उतरते. x एकापेक्षा मोठा असेल तर f′ धन, फलन चढते. एकापर्यंत सतत उतार, नंतर सतत चढ; तेव्हा x = १ हाच संपूर्ण धन बाजूचा तळ. ही दोन वाक्ये लिहिली की हमी मिळते, आणि मग f″(१) ची गरजही उरत नाही. पुस्तिकेतील प्रत्येक उदाहरणात मी या दोन वाक्यांचा आग्रह धरला आहे.

आता दोन्ही रीती शेजारी ठेवून पाहू. त्या वाटतात तितक्या परक्या नाहीत. मध्ये एक तिसरी वाट आहे आणि ती दोघींना जोडते. बेरीज k येते असे समजू: x + १/x = k. x ने गुणले की दहावीचे वर्गसमीकरण मिळते, x² − kx + १ = ०. त्याची वास्तव उत्तरे असायला विवेचक k² − ४ ऋण नसावा. x धन असल्याने k धन, म्हणून k किमान २. इथे काहीही ओळखावे लागले नाही, तरीही हे निखळ बीजगणित आहे. मुळांचा गुणाकार १ असल्याने दोन्ही मुळे एकमेकांचे व्यस्त आहेत. २.५ ही बेरीज २ ला आणि अर्ध्याला सारखीच का येते, ते इथे कळते.

आलेखावर k उंचीची आडवी रेघ ओढली आहे अशी कल्पना करा. ती वक्राला दोन ठिकाणी छेदते, x आणि १/x पाशी. रेघ हळूहळू खाली आणली की हे दोन छेदनबिंदू जवळ येत जातात. k = २ ला ते एकमेकांत मिसळतात आणि त्याखाली रेघ वक्राला शिवतच नाही. विवेचक शून्य होणे म्हणजे दोन मुळे एक होणे, आणि आडवी रेघ स्पर्शिका होणे म्हणजेही तेच. बीजगणितातला तो वर्ग (x − १)² म्हणजे हेच दुहेरी मूळ.

अवकलज हा शब्दही नव्हता तेव्हा पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने याच विचारातून कमाल-किमान शोधण्याची रीत बसवली होती. काळ १६३० च्या दशकातला. कलनाच्या पद्धतीवरचा लायब्निट्झचा पहिला निबंध छापला गेला तो १६८४ मध्ये, म्हणजे जवळपास अर्ध्या शतकाने. फर्माची रीत आपल्या उदाहरणाला लावून पाहा. x च्या जागी x + e ठेवायचे आणि दोन्ही किमती जणू सारख्याच आहेत असे धरायचे:

x + e + १/(x + e) = x + १/x

दोन्हीकडचे x गेले. उरलेले एकत्र केले की e = e/(x(x + e)) असे होते. e ने भागले की x(x + e) = १. इथे थांबून पाहावे: x आणि x + e या दोन संख्यांचा गुणाकार १, म्हणजे आडव्या रेघेवरचे तेच दोन बिंदू, एकमेकांचे व्यस्त. आता e सोडून द्यायचा, म्हणजे दोन बिंदू एक करायचे. x² = १. आधी e ने भागायचे आणि मग त्यालाच शून्य मानायचे, हे फर्माच्या समकालीनांना खटकले, आणि ते खटकणे रास्तच होते. सीमेची नेमकी व्याख्या व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. पण दोन मुळे एकत्र येण्याची कल्पना त्याने अचूक पकडली होती.

याच संदर्भात भास्कराचार्यांचे नाव यायला हवे. त्यांच्या बीजगणितात असा नियम आहे की दोन संख्यांच्या बेरजेच्या वर्गातून त्यांच्या गुणाकाराची चौपट वजा केली तर त्यांच्या फरकाचा वर्ग उरतो. आजच्या चिन्हांत (a + b)² − ४ab = (a − b)². a = x आणि b = १/x घेतले तर गुणाकार १, म्हणून बेरजेचा वर्ग ४ पेक्षा कमी होऊच शकत नाही. तेथे हा नियम अज्ञात राशी काढण्यासाठी येतो, किमान किंमत शोधण्यासाठी नाही. तेव्हा शोधाचे श्रेय त्यांच्या नावावर चढवू नये. पण साधन त्यांच्यापाशी तयार होते, हे नोंदवण्याजोगे आहे.

या बेरजेचा व्यवहारात कुठे उपयोग होतो असे कोणी विचारले तर मी मालसाठ्याचे उदाहरण देतो. १९१३ मध्ये फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने एका वेळी किती माल बनवावा किंवा मागवावा या प्रश्नाचे सूत्र प्रसिद्ध केले. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ते आजही शिकवतात. समजा एका वर्कशॉपला वर्षाला ३६०० बेअरिंग लागतात. प्रत्येक ऑर्डरमागे वाहतूक आणि कागदपत्रे मिळून २०० रुपये जातात. एक बेअरिंग वर्षभर गोदामात पडून राहिले तर अडकलेल्या पैशाचे व्याज आणि जागेचे भाडे मिळून १६ रुपये. एका वेळी Q बेअरिंग मागवली तर वर्षाला ३६००/Q ऑर्डरी होतात. साठा Q पासून शून्यापर्यंत एकसारखा उतरत जातो, म्हणून सरासरी Q/२ बेअरिंग गोदामात असतात. वर्षाचा खर्च:

७,२०,०००/Q + ८Q

एक पद Q बरोबर वाढते, दुसरे Q बरोबर घटते, आणि दोहोंचा गुणाकार कायम ५७,६०,००० राहतो. हे आपलेच फलन, फक्त मापे वेगळी. दोन्ही पदे सारखी होतात तेव्हा Q² = ९०,०००, म्हणजे Q = ३००. ऑर्डरींचा खर्च २४००, साठ्याचा २४००, एकूण ४८०० रुपये. आता Q = ३००x लिहिले तर खर्च २४००(x + १/x) होतो. व्यापाऱ्याची आकडेमोड कितीही गुंतागुंतीची दिसो, तिच्या पोटात हीच बेरीज असते.

दुप्पट, म्हणजे ६०० बेअरिंग मागवली तर खर्च १२०० अधिक ४८००, एकूण ६००० रुपये. निम्मी, १५० मागवली तर ४८०० अधिक १२००, पुन्हा ६०००. दुप्पट आणि निम्मे यांची शिक्षा सारखीच, पंचवीस टक्के. आणि ३६० मागवली तर? दहा ऑर्डरींचे २००० आणि साठ्याचे २८८०, एकूण ४८८०. वीस टक्के चूक केली, खर्च दोन टक्केही वाढला नाही. मघाच्या (x − १)²/x चा हा प्रताप आहे. तळ इतका सपाट असल्यामुळे ऑर्डरीचा खर्च २०० की २२० याचा काथ्याकूट करण्यात अर्थ नसतो. वर्षभराची मागणी एकसारखी नसेल किंवा मोठ्या ऑर्डरीवर सूट मिळत असेल तर मात्र हे सूत्र जसेच्या तसे चालत नाही.

आणखी एक अडचण इथेच उभी राहते. पुरवठादार म्हणाला की ६०० पेक्षा कमी बेअरिंग देणार नाही, तर? म्हणजे x ≥ २. आता बीजगणिताची असमानता खर्च ४८०० पेक्षा कमी नाही असे सांगते. ते खरेच आहे, पण निरुपयोगी, कारण ४८०० हा आकडा गाठताच येत नाही. अवकलज शून्य ठेवला तर x = १ मिळते आणि ते प्रांताबाहेर आहे. खरी किमान किंमत कडेवर, x = २ पाशी, ६००० रुपये. तिथे अवकलज शून्य नाहीच, धन आहे. असमानता लिहिणाऱ्याने बरोबरी कुठे होते आणि तो बिंदू आपल्याला मोकळा आहे का, हे पाहिले नाही तर त्याच्या हाती खालची मर्यादा येते, किमान किंमत नव्हे. अवकलज शून्य ठेवणाऱ्याने कडा तपासल्या नाहीत तर त्याच्या हाती काहीच येत नाही.

बीजगणिताच्या बाजूची सगळ्यात जास्त आढळणारी चूक दुसरीच आहे, आणि तिच्यासाठी एक गणित सविस्तर सोडवायला हवे. x धन असताना x² + १६/x ची किमान किंमत काढा. x + १/x चा सराव झालेला विद्यार्थी लगेच म्हणतो: दोन पदे सारखी झाली की किमान. x² = १६/x, x³ = १६, x सुमारे २.५२, बेरीज सुमारे १२.७०. तो अंकगणितीय मध्य आणि भूमितीय मध्य यांची असमानताही लिहितो: बेरीज ≥ २√(१६x). असमानता खरी आहे, पण उजव्या बाजूला x शिल्लक आहे. मर्यादाच जागेवर राहत नाही, x बरोबर सरकते. x + १/x मध्ये दोन पदांचा गुणाकार स्थिर होता. सारे यश त्या स्थिरतेचे होते, पदे सारखी होण्याचे नव्हे. चूक पकडायला एक किंमत पुरते: x = २ ठेवा, ४ अधिक ८, बेरीज १२. १२.७० हा तळ नव्हताच.

अवकलज काढला तर २x − १६/x² = ०, x³ = ८, x = २, किंमत १२. आता हे दोन आकडे घेऊन बीजगणिताकडे परत जाऊ. बेरजेतून १२ वजा करू:

x² + १६/x − १२ = (x³ − १२x + १६)/x = (x − २)²(x + ४)/x

x धन असताना उजवी बाजू ऋण होत नाही, आणि x = २ लाच शून्य होते. सिद्धता पूर्ण, तीही सगळ्या धन संख्यांसाठी. अंशात (x − २)² हा अवयव निघणार हे अवयव पाडण्याआधीच माहीत होते, कारण तळाशी दोन मुळे एक होतात. ज्या पहिल्या ओळीबद्दल मुलाला प्रश्न पडला होता, ती अशी सापडते: अवकलजाने बिंदू शोधावा, किंमत वजा करावी, दुहेरी अवयव बाहेर काढावा, उरलेल्याचे चिन्ह पाहावे. मध्यांची असमानता वापरायचीच असेल तर १६/x चे ८/x आणि ८/x असे दोन भाग करावे लागतात, म्हणजे तिन्ही पदांचा गुणाकार ६४ हा स्थिर होतो आणि १२ लगेच मिळतात. पण दोन सारखे भाग पाडायचे हे सुचावे लागते, आणि अवकलजाला सुचण्याची वाट पाहावी लागत नाही.

या मार्गाला एक मर्यादा आहे आणि पुस्तिकेचे शेवटचे प्रकरण तिच्यासाठी ठेवले आहे. x + १/x + log x घ्या, नैसर्गिक लॉगरिदम. अवकलज १ − १/x² + १/x, म्हणजे (x² + x − १)/x². तो शून्य होतो x = (√५ − १)/२ पाशी, सुमारे ०.६१८. तिथे १/x सुमारे १.६१८, म्हणून पहिल्या दोन पदांची बेरीज बरोबर √५ येते आणि लॉगरिदममधून सुमारे ०.४८१ वजा होऊन किंमत १.७५५ च्या आसपास राहते. इथे ती किंमत वजा करून अवयव पाडता येत नाहीत, कारण लॉगरिदम बहुपदी नाही. पण अवकलजाचा अंश x² + x − १ धन x साठी सतत वाढत जातो, म्हणून तो त्या बिंदूपर्यंत ऋण आणि नंतर धन असतो. आधी उतार, मग चढ. हमीसुद्धा इथे अवकलजाकडूनच घ्यावी लागते, आणि त्या अवकलजाचे चिन्ह ठरवायला पुन्हा वर्गसमीकरणच लागते.